गाळलेल्या जागा: दर सातवा शब्द नको, प्रत्यय निवडा

मॅडम, गाळलेल्या जागांच्या उताऱ्यात दर सातवा शब्द उडवला की कधी गावाचं नाव जातं कधी आकडा, मग मुलं नुसता अंदाज मारतात आणि विभक्ती येते का ते कळतच नाही. आपल्याकडे घरी अहिराणी, 'मला' ऐवजी 'माले', 'घरात' ऐवजी 'घरमा' बोलणारी पोरं, म्हणून सुरुवातीला फक्त ला आणि त एवढेच प्रत्यय गाळा, पहिलं वाक्य पूर्ण ठेवा.

नेहमीची चूक म्हणजे दोन उत्तरं बसणारी जागा. 'आजोबा केळीच्या बागे__ गेले' इथे त पण चालतो, कडे पण. 'बागे__ बसून भाकर खाल्ली' केलं आणि ला, त मधूनच निवडायला सांगितलं की त च येतो.

- शब्द अख्खा गाळू नका, 'बागे' राहू द्या, नाहीतर सामान्यरूपाची पण परीक्षा होते
- सहकाऱ्याकडून आधी सोडवून घ्या, त्यांचं उत्तर वेगळं आलं तर वाक्य बदला