लॅब्रॅडॉरच्या पिल्लाचं खाणं ऑनलाइन मागवताना

प्रश्न: आमचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू तीन महिन्यांचं आहे. खाणं ऑनलाइन मागवताना काय बघू, आणि दर किती दिवसांनी ऑर्डर लावू?

उत्तर: पाकिटावर ‘मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी’ असं लिहिलेलंच घ्या. या जातींची हाडं झपाट्याने वाढतात आणि जादा कॅल्शियमने ती वेडीवाकडी होऊ शकतात, म्हणून वरून कॅल्शियमचं टॉनिकही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिलं नाव चिकन किंवा माशासारखं स्पष्ट असावं.

समजा, पाकिटावरच्या तक्त्याप्रमाणे ते रोज 300 ग्रॅम खातं. मग 3 किलोची पिशवी 10 दिवस पुरते, 12 किलोची 40 दिवस. उघडलेली पिशवी साधारण सहा आठवड्यांत संपवावी, तेव्हा 12 किलोच्या वर जाऊ नका. पार्सल यायला चार दिवस लागत असतील, तर आठवड्याचं खाणं शिल्लक असतानाच पुढची पिशवी निघायला हवी. 12 किलोची पिशवी उघडल्यापासून 33व्या दिवशी पुढची पिशवी निघेल आणि त्यानंतर दर 40 दिवसांनी आपोआप येत राहील, अशी ऑर्डर लावा, पण वयाप्रमाणे खुराक बदलतो, म्हणून दर महिन्याला वजन करून ते अंतर बदला.

पार्सल आल्या दिवशीच मुदत तपासा. मोठ्या सवलतीत बऱ्याचदा मुदत संपत आलेला माल असतो. खवट वास आला तर तारीख काहीही असो, परत पाठवा.