‘वर्षाला १ लाख या दराने’: यातला ‘दर’ कोणता?

प्रश्न: ‘१० वर्षे वर्षाला १ लाख या दराने संतत उत्पन्न मिळते, वटाव दर ८ टक्के असल्यास वर्तमान मूल्य काढा.’ इथे ‘दराने’ म्हणजे दर वर्षअखेरीला १ लाख हातात पडतात असंच ना? आणि ‘वटाव’ म्हणजे साधी सूटच का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे.

आधी ‘दराने’ घेऊ. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे म्हटलं, की तास भरल्यावर ती एकदम ६० किलोमीटर उडी मारते असं कुणी समजत नाही. ‘वर्षाला १ लाख या दराने’ हेही तसंच. पैसे दर क्षणाला झिरपत येतात आणि वर्षभर तो झिरपा तसाच राहिला तर १ लाख साठतात. ‘संतत’ हा शब्द हेच सांगायला घातलेला असतो. ‘दर वर्षअखेरीस १ लाख’ असं लिहिलं असतं, तर तुमचा अर्थ बरोबर ठरला असता, आणि गणितही वेगळं झालं असतं.

‘वटाव’ हा शब्द ‘वटवणे’च्या घरातला. मुदतीआधी हुंडी वटवली की काही रक्कम कापून उरलेली हातात येते. कल्पना तीच आहे, पण कापण्याची रीत मात्र वेगळी. सरळ सुटीसारखे वर्षाला ८ टक्के मूळ रकमेतून कापत गेलो, तर १० वर्षांनी येणाऱ्या १०० चे आज २० उरतील आणि साडेबारा वर्षांनी येणाऱ्या १०० ची किंमत शून्य होईल. त्यापुढचे पैसे तर उणे! म्हणून इथे चक्रवाढ व्याज उलटं फिरवतात, आणि तेही क्षणाक्षणाला आकारलेलं: t वर्षांनी येणारी रक्कम e^(−0.08t) ने गुणायची. या हिशेबाने १० वर्षांनंतरच्या १०० चे आज सुमारे ४५ होतात. ते कितीही घटले तरी शून्याला टेकत नाहीत.

आता पाचवं वर्ष संपताक्षणी सुरू होणारा एकच दिवस घ्या. त्या दिवशी १ लाख भागिले ३६५, म्हणजे सुमारे २७४ येतील. त्यांना e^(−0.4), म्हणजे ०.६७ ने गुणलं की आजचे १८४ झाले. असे दहा वर्षांतले सगळे दिवस (खरं तर त्याहून बारीक तुकडे) बेरजेला घेणं म्हणजेच संकलन:

```
PV = ∫₀ᵀ R·e^(−rt) dt = (R/r)·(1 − e^(−rT))
```

R = १ लाख, r = ०.०८, T = १०. R/r झाले १२.५ लाख, कंसातली किंमत ०.५५०७, उत्तर सुमारे ६.८८ लाख. तो १२.५ लाखांचा आकडा वाया जात नाही: उत्पन्न कधीच थांबलं नसतं तर त्याची आजची किंमत तेवढी झाली असती. म्हणजे अनंत काळाच्या किमतीपैकी ५५ टक्के पहिल्या दहा वर्षांतच येऊन जाते.

या सूत्रात ‘दर’ दोन आहेत आणि घोळ तिथेच होतो. R हा प्रवाहाचा दर, ‘लाख प्रतिवर्ष’. r हा वटावाचा दर, नुसता ‘प्रतिवर्ष’. भागाकारात वर्षं उडतात आणि लाख उरतात, तेव्हा एकक जुळतं. काळ महिन्यांत धरून T = १२० लिहिलं आणि r तसाच ठेवला, तर उत्तर जवळजवळ १२.५ लाख येतं. चूक लगेच पकडता येते, कारण दहा वर्षांत मिळणारी एकूण रक्कमच १० लाख आहे आणि वर्तमान मूल्य तिच्यापेक्षा मोठं असूच शकत नाही.

दुसरी गफलत मात्र अशी सहज दिसत नाही. ८ टक्के हा क्षणाक्षणाच्या चक्रवाढीचा दर मानला तर वर्षअखेरीस वाढ ८.३३ टक्के होते. पण प्रश्नातले ८ टक्के वर्षाला एकदाच आकारलेले असतील, तर r च्या जागी ln 1.08, म्हणजे ०.०७७ घ्यायला हवा, आणि उत्तर ६.९८ लाखांच्या आसपास जातं. पुस्तकी उदाहरणांत सहसा पहिला अर्थ अभिप्रेत असतो. तरी प्रश्न लिहिणाऱ्याने ‘संतत चक्रवाढीने’ एवढे दोन शब्द जास्त लिहायला हरकत नसावी.

तुमच्या अर्थाने, म्हणजे वर्षअखेरीला एकरकमी १ लाख आणि वर्षाला एकदा ८ टक्के धरले, तर ६.७१ लाख येतात. ६.९८ पेक्षा कमी, कारण पैसे सरासरी सहा महिने उशिरा येतात. ६.७१ ला १.०८ च्या वर्गमुळाने गुणून बघा, ६.९७ मिळतील. संतत प्रवाह म्हणजे जवळपास प्रत्येक वर्षाची रक्कम वर्षाच्या मध्याला मिळाल्यासारखंच.