पायथागोरसचे प्रमेय कागद कापून शोधायला लावणाऱ्या कार्यपत्रिका

प्रश्न: मुलांना सूत्र आधी न सांगता, कागद कापून पायथागोरसचे प्रमेय सापडेल अशा कार्यपत्रिकांचा क्रम कसा ठेवावा?

तीन पत्रिका पुरतात: रिकामी जागा मोजणे, तुकडे हलवून पुन्हा मोजणे आणि मग कारण शोधणे. पहिल्या पत्रिकेवर १३ सेंमी बाजूचा चौरस छापा. मुलांनी ५ × ८ सेंमीचे दोन आयत कर्णावर कापून चार काटकोन त्रिकोण करायचे आणि चौरसाच्या चार कोपऱ्यांत एकाच दिशेने फिरवत बसवायचे. मधे तिरका चौरस उरतो. त्याचे क्षेत्रफळ १६९ − ८० = ८९. दुसऱ्या पत्रिकेवर तोच चौरस, तेच त्रिकोण. पण आता जोड्या लावून पुन्हा दोन आयत करायचे आणि एक उभा, एक आडवा असे समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवायचे. उरतात २५ आणि ६४ चे दोन चौरस. ‘तुकडे तेच, मग उरलेली जागा बदलली का?’ एवढाच प्रश्न छापा, सूत्र मुलांना लिहू द्या.

३-४-५ मुद्दाम टाळा. तिथे मुले कर्ण पट्टीने मोजून मोकळी होतात. इथे कर्ण साधारण ९.४ येतो, त्याचा वर्ग ८८.३६, म्हणून क्षेत्रफळाकडेच वळावे लागते. दोन्ही बाजू समान असलेला त्रिकोणही नको, त्यात सामान्य नियम झाकला जातो. कापताना मिलिमीटरभर चूक झाली की फटी दिसतात, म्हणून चौकटी कागद वापरा.

मात्र मधली आकृती चौरस ‘दिसते’ एवढ्यावर थांबू नका. तिचा कोन ९० अंशच का, हे तिसऱ्या पत्रिकेत विचारा: त्रिकोणाचे दोन लघुकोन मिळून ९०, सरळ रेषेवर १८०, म्हणून उरलेला ९०.