पैसे मागायचे म्हणजे

प्रिय बाळा,

काल फोनवर म्हणालीस की आत्या, सोळा जणांनी ग्रुपवर 'मी येणार' म्हटलंय, बंगला मस्त मिळालाय, आता फक्त पैसे गोळा करायचे. त्या 'फक्त' वर मला हसू आलं. वीस वर्षं बँकेतल्या लोकांच्या सहली काढल्या मी, पहिल्याच सहलीला अठरा जणांनी हात वर केले होते, मी उत्साहात स्वतःच्या खिशातून हरिहरेश्वरला ॲडव्हान्स भरून मोकळी झाले, आणि निघायच्या आदल्या आठवड्यात अकराच उरले. त्या सातांपैकी एकाकडूनही पैसे मागता आले नाहीत मला, कारण काय ठरलं होतं ते कुणी कुठे लिहिलंच नव्हतं. म्हणून फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा लिहूनच पाठवते, सावकाश वाच.

आधी तुझे आकडे समोर घेऊ. कर्द्याचा बंगला पूर्ण घेतलायस, १२,००० रोज, दोन रात्रींचे २४,०००. सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर २४ रुपये किलोमीटर. इथे नवीन लोक हमखास फसतात. तू म्हणालीस पुण्याहून ताम्हिणीमार्गे जाऊन येऊन चारशेच्या आसपास होतील. होतील गं, पण गाडीवाला दिवसाला कमीत कमी ३०० किलोमीटर धरतो, गाडी दिवसभर बंगल्याच्या अंगणात उभी असली तरी. तीन दिवसांचे ९०० धर, म्हणजे २१,६००. ड्रायव्हरचा भत्ता रोजचा ५००, तो १,५००. टोल, पार्किंगला ९०० ठेव. सगळे मिळून ४८,०००. हा झाला ठोक खर्च, सोळा जण गेलात काय किंवा दहा गेलात काय, तेवढाच. जेवण-नाश्ता मात्र डोक्यामागे आहे, ७०० रोज, दोन दिवसांचे १,४००. तो माणसाबरोबर वाढतो आणि माणसाबरोबर कमी होतो.

हे दोन खर्च वेगळे ठेवलेस तर बाकीचं सगळं सोपं आहे, आणि एकत्र केलेस की भांडण. तू ४८,००० ला सोळाने भागलंस, ३,००० आले, त्यात १,४०० मिळवून ग्रुपवर ४,४०० टाकायला निघालीस. टाकू नकोस अजून. सोळातले चार गळले तर ठोक खर्चाचा वाटा ४,००० होतो, म्हणजे ५,४००, आणि मग तुला ग्रुपवर लिहावं लागेल की प्रत्येकी अजून हजार द्या. एकदा सांगितलेली रक्कम वाढवणं म्हणजे सहल सुरू व्हायच्या आधीच तोंडं वाकडी. त्यापेक्षा नक्की येणारच असे किती ते मोज. मी मोजले तर तुझे बारा निघाले (त्यात तो दर वेळी 'बघतो, कळवतो' म्हणणारा धरलेला नाही). बाराने भाग, वर शंभर सुट्या खर्चाला, आणि सरळ ५,५०० सांग. उरले तर परत मिळतील असंही त्याच मेसेजमध्ये लिही. परत मिळालेल्या पैशावरून रागावलेला माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

आता तारीख. शेवटची तारीख मनाला वाटेल ती टाकायची नसते, ती मालकाच्या तारखेवरून मागे मोजत यायची. तुझ्या बंगल्यावाल्याने २६ जानेवारीला जोडून सुट्टी म्हणून २० डिसेंबरपर्यंतच बंगला धरून ठेवतो म्हटलंय, १२,००० भरा नाहीतर दुसऱ्याला देतो. गाडीवाल्याला ५,००० द्यायचेत. म्हणजे २० डिसेंबरला तुझ्या हातात १७,००० हवेत, सगळे पैसे नकोत. म्हणून दोन हप्ते कर. पहिला २,००० चा, १४ डिसेंबर रविवार रात्रीपर्यंत. बारा जणांचे २४,००० होतात, पुरून उरतात. आणि मधले सहा दिवस हे फोन करायला, 'अगं विसरलोच' ऐकायला. बारा हप्ते जमले नाहीत तर बंगला बुक करू नकोस, अकरा आणि एक तोंडी असले तरी नाही. हात वर करणारे आणि पैसे पाठवणारे यातला फरक या एका हप्त्यात कळतो, तेवढ्यासाठी तरी तो घ्यायचा.

दुसरा हप्ता ३,५०० चा. तू २० जानेवारी म्हणत होतीस, पण मालकाची अट परत वाच. २४ ला निघताय, आणि पंधरा दिवस आधी, म्हणजे ९ जानेवारीपर्यंत बुकिंग रद्द केलं तर अर्धा ॲडव्हान्स परत, त्यानंतर काही नाही. मग पैसे कोण देतंय कोण नाही हे तुला ९ च्या आत कळायला हवं ना? वीस तारखेला कळून काय उपयोग, तेव्हा सगळंच फसलेलं असेल. म्हणून ७ जानेवारी. काहींचे पगार महिनाअखेरीला होतात, काहींचे सात तारखेपर्यंत, सगळेच त्यात बसतात. मग एक दिवस फोनाफोनीला आणि एक दिवस जायचं की नाही ठरवायला.

आणि आता रिफंड. इथेच मैत्री तुटते म्हणून जरा नीट सांगते. तुझ्या डोक्यात असेल की मालकाने अर्धे परत दिले तर आपणही अर्धे परत देऊ. पण मालक माणसाला रिफंड देत नाही, बंगल्याला देतो! पूर्ण बुकिंग रद्द केलंत तर त्याचे सहा हजार येतील. एकटी तुझी मैत्रीण गळाली तर तो एक रुपया देणार नाही, कारण बंगला तेवढाच, खोल्या तेवढ्याच, गाडीचं डिझेलही तेवढंच. मग तिला परत द्यायचे पैसे येणार कुठून? बाकीच्यांच्या खिशातून. हे कुणी बोलत नाही, पण होतं तेच.

म्हणून माझा नियम असा, की बुकिंग झाल्यावर जो गळेल तो ठोक खर्चाच्या हिशोबात राहतो, फक्त जेवत नाही. समज चौदा जणांनी पूर्ण पैसे भरले आणि १८ तारखेला एक म्हणाला की ऑफिसमधून सुट्टी नाही. ४८,००० भागिले चौदा, ३,४२९ हा त्याचा वाटा, तो जातो. त्याने भरलेत ५,५००, म्हणजे २,०७१ त्याला सहलीनंतर परत. त्यात त्याचं न खाल्लेलं जेवण आलं आणि आपण बाराने भागून जास्त घेतलेलंही आलं. बाकीच्यांना त्याच्या न येण्याचा एक पैसा भुर्दंड नाही. जेवणाचे परत कधीपर्यंत तर २२ तारखेपर्यंत, कारण गुरुवारी त्या काकूंना माणसं किती ते सांगायचंय, त्या हिशोबाने मासे येतात. त्यानंतर सुरमई आली की आली.

बदली माणूस त्याने दिला तर प्रश्नच मिटला, त्या दोघांनी आपसात पैसे बघायचे, तू मधे पडू नकोस. फक्त येणारा माणूस ग्रुपला चालला पाहिजे, नाहीतर कुणाचा तरी ऑफिसातला अनोळखी मित्र दोन रात्री तुमच्यात.

दवाखाना किंवा घरात कुणी गेलं तर मात्र पूर्ण पैसे परत द्यायचे, आणि हे आधीच लिहून ठेवायचं. ते ३,४२९ उरलेल्या तेरांत वाटले तर प्रत्येकी २६४ होतात. आज विचारलंस तर सगळे हो म्हणतील, त्या दिवशी विचारायची वेळ आली तर विचारणारीलाच लाज वाटते. पण 'तब्येत ठीक वाटत नाही' हे यात बसत नाही हां, तेही लिही.

मेसेज लांबलचक नको, एवढा पुरे:

'कर्दे, २४ ते २६ जानेवारी. प्रत्येकी ५,५००. पहिला हप्ता २,०००, १४ डिसेंबर रविवार रात्री १० पर्यंत. दुसरा ३,५००, ७ जानेवारीपर्यंत. २,००० आल्यावरच नाव पक्कं. २० डिसेंबरपर्यंत नाव मागे घेतलं तर पूर्ण परत. नंतर बंगला आणि गाडीचा वाटा परत मिळणार नाही, जेवणाचे २२ जानेवारीपर्यंत सांगितलं तर मिळतील. बदली माणूस दिला तर काही कापणार नाही. दवाखाना किंवा घरात दुःखद घटना असेल तर पूर्ण परत, तो खर्च सगळ्यांत. बाईकने आलात तरी गाडीचा वाटा द्यायचाय. उरलेले पैसे हिशोबासकट ३१ जानेवारीला परत. वाचून ओके लिहा.'

त्या 'ओके' साठी हट्ट धर. अंगठा चालणार नाही, अंगठा लोक न वाचता देतात. बाईकचं वाक्य काढू नकोस, तुझ्या ग्रुपमध्ये दोघं तरी बुलेटवाले आहेत आणि 'आम्ही गाडीत बसलोच नाही' हे त्यांचं निघताना ठरलेलं असतं.

पैसे पगाराच्या खात्यात घेऊ नकोस. एकदा माझ्या खात्यात सहलीचे पडलेले होते, पाच तारखेला गृहकर्जाचा हप्ता त्यातूनच कापला गेला, मला वाटत होतं माझेच इतके शिल्लक आहेत. ते जुनं बचत खातं पडलंय ना तुझं, ते वापर. आणि स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवायचा नाही, मैत्रिणीचा असला तरी, कारण 'प्रोसेसिंग' चा स्क्रीनशॉटही लोक पाठवतात आणि निवांत झोपतात. आपल्या बँकेच्या एंट्रीत नाव दिसलं की मगच वहीत बरोबरची खूण. एकाने दोघांचे भरले तर दोन ओळी लिही, कुणाचे कुणी भरले ते. 'तू भर माझे, मी तुला नंतर देतो' याला उत्तर एकच, नाव नंतर घेते.

शेवटचा हिशोब आल्यावर चार-पाच दिवसांत टाक, गाडीचं बिल, बंगल्याची पावती, जेवणाचा आकडा, फोटो काढून. चौदा जण गेलात आणि सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर ६७,६०० खर्च, जमा ७७,०००, प्रत्येकी ६७१ परत. ते ६७१ लगेच परत कर, 'पुढच्या ट्रिपला ठेवू' असं कुणीतरी म्हणेलच, ऐकू नकोस, पुढच्या ट्रिपला माणसं वेगळी असतात.

आणि आईस बॉक्स माझ्याकडे आहे, शुक्रवारी घेऊन जा. कर्द्याहून येताना कोलंबी मिळाली तर अर्धा किलो आण, त्याचे पैसे मी आधीच पाठवते.

तुझी
आत्या