फिलिंगनंतर गार पाण्याने कळ का येते?

तू विचारलेली कोथरूडच्या पेशंटची केस: खालची दाढ, खोल कॅव्हिटी आणि तू फिलिंग केल्यावर आठवडाभर गार पाण्याने कळ. तुझी पद्धत ऐकूनच शंका आली: ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड सगळीकडे ३० सेकंद, मग धुऊन हवेने खडखडीत कोरडं. इनॅमलला ते चालतं. डेंटिनला मात्र १५ सेकंद पुरे. तिथे जोरात हवा मारली की उघडी पडलेली कोलॅजनची जाळी चपटी होते, बाँड आत शिरत नाही. डेंटिनमधल्या बारीक नळ्या नीट बंद होत नाहीत आणि त्यातला द्रव हलला की कळ येते. म्हणून पाणी कापसाच्या बोळ्याने टिपून घे. डेंटिन ओलसर चमकलं पाहिजे, पण डबकं नको.

खोल कॅव्हिटीत मी तर ॲसिड फक्त इनॅमलच्या कडांना लावते आणि आत वेगळं ॲसिड न लागणारा सेल्फ-एच बाँड वापरते. त्यात नळ्यांची तोंडं पूर्ण उघडत नाहीत, त्यामुळे चूक झाली तरी निभावतं. पण नुसतं फासून लाइट मारायचा नाही. ब्रशने २० सेकंद चोळ, मग हळू हवा दे. थर हलायचा थांबला की सॉल्व्हंट उडालं असं धर. घाई इथेच नडते.

चावतानाच दुखत असेल, तर आधी आर्टिक्युलेटिंग पेपर लावून उंचवटा बघ.