टाकीचं पाणी वर्गात नेण्याआधी

वीजप्रवाह शिकवताना टाकी आणि नळाची उपमा देणार असाल, तर टाकी सोडा. टाकीतलं पाणी नळातून बाहेर पडून संपतं, आणि मग मुलं म्हणतात, बल्बने करंट खाल्ला. त्याऐवजी पाण्याने भरलेली बंद गोल नळी काढा. पंप म्हणजे सेल, अरुंद जागा म्हणजे बल्ब. पंप पाणी तयार करत नाही, फिरवतो. लगेच अ‍ॅमीटर आधी बल्बच्या अलीकडे, मग पलीकडे जोडून दाखवा. एकीकडे ०.३ अँपिअर आला तर दुसरीकडेही ०.३च येतो. खर्च होते ती ऊर्जा.

आता उपमा कुठे फसते ते. नळी कापली की पाणी सांडतं, तार कापली की करंट सांडत नाही, थांबतो. शब्दांचा घोळ तर याहून वाईट. नळ ‘उघडला’ की पाणी सुरू, पण परिपथ ‘उघडा’ म्हणजे प्रवाह बंद! माझ्या वर्गात निम्म्या मुलांनी यावर उलटं उत्तर लिहिलं होतं, आणि चूक माझीच होती.

म्हणून तार कापायचा प्रश्न पाठाच्या टाचणातच लिहून ठेवा. स्विच हातात घ्यायच्या आधी विचारा, “आता तार कापली तर काय होईल?” अंदाज वहीत लिहून घ्या, मगच तार सोडवा. चुंबकत्वाचा धडा आला की मात्र नळी पूर्ण बाजूला ठेवा. तारेजवळची होकायंत्राची सुई का हलते, हे पाण्याने सांगता येत नाही.