कागद कापून समांतरभुज चौकोन आणि त्रिकोणाचं क्षेत्रफळ शिकवताना नेमकं काय करायचं?

प्रश्न: सहावी-सातवीच्या मुलांना समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ शिकवते. कागद कापून आयत करून दाखवला, मुलांनी पण केला, मजा आली. पण दुसऱ्या दिवशी गणित दिलं तर अर्ध्या वर्गानं दोन बाजूंचा गुणाकार करून ठेवला. त्रिकोणात तर 'भागिले 2' का करायचं तेच सांगता येईना. कापण्याचा उपयोग होत नाही का? की माझं काही चुकतंय?

उत्तर:

उपयोग होतो हो मॅडम. फक्त कापायच्या आधी रेघा रंगवून घ्यायच्या. मी सोलापुरात पूर्व भागात शिकवतो, वर्गात निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, त्यामुळं तोंडी समजावण्यापेक्षा कागदावर माझी भिस्त जास्त असते आणि तुम्ही म्हणता तो दोन बाजूंच्या गुणाकाराचा प्रकार मला चांगला माहितीये. पोरगं कापतं, सरकवतं, आयत झाला म्हणून खूश होतं, पण मूळ आकृतीतली तिरकी बाजू कुठं गेली याकडं त्याचं लक्षच नसतं. एकदा कापलं की मूळ आकृती पण हातात राहत नाही, मग तुलना कशाशी करणार?

म्हणून एक करा. घोटीव कागद घ्या, तो एका बाजूनं रंगीत आणि एका बाजूनं पांढरा असतो, याचा फायदा पुढं सांगतो. पांढऱ्या बाजूवर खाली 7 सेंमीची आडवी रेघ, तिच्या डाव्या टोकापासून 3 सेंमीवर खूण, त्या खुणेवर गुण्या लावून सरळ वर 4 सेंमी, तिथं बिंदू द्यायचा, त्या बिंदूपासून उजवीकडं परत 7 सेंमी, आणि दोन्हीकडची टोकं जोडायची. तिरकी बाजू बरोबर 5 सेंमी भरते, पोरांना मोजू द्या. अशा दोन आकृत्या करायच्या, एक न कापता वहीत चिकटवायची, ही राहिलीच पाहिजे. दोन्हीवर खालची-वरची 7 ची रेघ लाल, तिरक्या दोन्ही 5 च्या रेघा हिरव्या, आणि आतली उभी 4 ची रेघ निळी तुटक.

आता कापायच्या आधी अंदाज विचारा. बहुतेक पोरं 35 सांगतील. फळ्यावर लिहून ठेवा, चूक म्हणू नका.

मग निळ्या रेघेवर कात्री. डावीकडचा छोटा काटकोन त्रिकोण सुटतो, तो न फिरवता तसाच सरळ उजवीकडं सरकवायचा. त्याची हिरवी कड उजव्या हिरव्या कडेला जाऊन चिकटते आणि आयत तयार. इथं घाई करू नका, इथंच थांबायचं. "आता बाहेरून फिरा, कडेकडेनं बोट फिरवा, कुठले रंग लागतात?" खाली लाल, वर लाल, दोन्ही बाजूंना निळा. हिरवा कुठंच नाही. आमच्याकडं लगेच एखादा शेजारच्याला सांगतो, "अरे हिरवी आत गेली बे". झालं, हेच पाहिजे होतं. आयताच्या लांबी-रुंदीत लाल आणि निळी आली, हिरवी जोडात गडप झाली, मग गुणाकारात ती येणार कुठून? 7 गुणिले 4, 28. फळ्यावरचे 35 पोरं स्वतःच खोडतात. वहीतल्या न कापलेल्या आकृतीत हिरवी दिसते, समोरच्या आयतात दिसत नाही, दोन्ही शेजारी ठेवून बघायला लावा.

जाता जाता परिमिती पण विचारा, मूळ आकृतीची 24 आणि आयताची 22. कागद तेवढाच पण कडेची लांबी कमी झाली, पोरांना हे पटायला जरा वेळ लागतो.

तरी एखादा हट्टी निघतोच की बाजू तर त्याच आहेत मग 35 का नाही. त्याच्यासाठी पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या, दोन 7 च्या आणि दोन 5 च्या, कोपऱ्यांवर भोकं पाडून दोऱ्यानं किंवा टाचणीनं सैल जोडलेल्या (ही मापं भोकापासून भोकापर्यंत घ्या). आमच्याकडं चादरीच्या कारखान्यातली जकार्डची जुनी पुठ्ठ्याची कार्डं कुणाच्या तरी घरी मिळतात, त्याच्या पट्ट्या मस्त होतात आणि भोकं आयतीच असतात, मग माप भोकांवरून ठरवायचं. चौकट आधी आयत करून धरा, तेव्हा 35 खरे. मग एका कोपऱ्याला हळूहळू दाबत न्या, शेवटी पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि आत जागाच उरत नाही. बाजू 7 आणि 5 च्या 7 आणि 5 च, पण आत काही नाही. ह्याच्यानंतर बाजू गुणिले बाजू म्हणायची सोय राहत नाही.

कापताना बिघडतं ते बहुतेक वेळा निळ्या रेघेत. पोरं उंची डोळ्यानं मारतात, गुण्या लावत नाहीत, मग तुकडा सरकवल्यावर डावी-उजवी कड सरळ उभी न राहता जराशी कलते. ओळखायचं सोपं, तयार झालेल्या 'आयताच्या' चारही कोपऱ्यांत गुण्या घालून बघायला लावा, बसला नाही तर तो आयत नाही, अजून समांतरभुजच आहे. दुसरं म्हणजे तुकडा पालथा करून बसवायचा प्रयत्न. त्यासाठीच घोटीव कागद: रंगीत बाजू वर दिसली की तुकडा उलटलाय हे लांबूनच कळतं.

दुसऱ्या दिवशी तोच चौकोन आडवा पाडून 5 ची बाजू खाली घ्या. आता हिरवी झाली पाया. नवीन उंची काढा गुण्यानं, 5.6 सेंमी भरते, कापून सरकवा, आयत 5 गुणिले 5.6, परत 28. हे करणं मला फार गरजेचं वाटतं, नाहीतर पोरांच्या डोक्यात पाया म्हणजे 'खालची आडवी रेघ' आणि उंची म्हणजे 'उभी रेघ' एवढंच बसतं. उंची कुठल्या पायावरची हे ठरल्याशिवाय तिला अर्थ नाही. आणि 7 ला 5.6 नं गुणणारं पोरगं पण इथंच सापडतं.

एक अडचण येते ती आधीच माहीत असू द्या. खूप कललेला चौकोन असेल तर एका कापात काम होत नाही. उदाहरणार्थ पाया 3, उंची 4, पण वरची बाजू 6 सेंमी उजवीकडं सरकलेली. वरच्या कोपऱ्यातून लंब टाकला तर तो पायाच्या बाहेर पडतो, कापणार काय? हुशार पोरगं मुद्दाम असा काढून आणतं. तेव्हा आधी मधोमध आडवा काप, 2-2 सेंमी उंचीचे दोन चौकोन होतात, त्यांचा कल 3-3 सेंमीच उरतो, मग प्रत्येकाचा 3 गुणिले 2 चा आयत होतो, एकावर एक ठेवले की 3 गुणिले 4. म्हणजे बाराच. कितीही कललेला असू दे, पुरेशा आडव्या पट्ट्या केल्या की जमतं.

आता त्रिकोण. बरेच जण दोन सारखे त्रिकोण जोडून समांतरभुज करून दाखवतात आणि मग अर्धा. बरोबरच आहे, पण त्यात 'भागिले 2' हे 'दोन कागद घेतले होते म्हणून' असं होतं, एका त्रिकोणात ते अर्धं कुठं दिसतं ते कळत नाही. मी एकच त्रिकोण घ्यायला लावतो. पाया 10, उंची 6, शिरोबिंदू पायाच्या वर कुठंतरी, मधोमध नको, नाहीतर पोरांना वाटतं समद्विभुजातच जमतं. दोन्ही तिरक्या बाजूंचे मध्यबिंदू काढून जोडायचे, ती रेघ पायाला समांतर येते आणि बरोबर 3 सेंमी उंचीवर. त्यावर कापा. वरचा छोटा त्रिकोण त्याच्या उंचीवर कापून दोन करा. मग प्रत्येक तुकडा आपापल्या बाजूच्या मध्यबिंदूवर बोटानं दाबून अर्धा फेरा फिरवायचा, दाराच्या बिजागरीसारखा कोपऱ्यावर अडकलेला. दोन्ही तुकडे खाली येऊन कडेला बसतात, आयत 10 गुणिले 3. पाया पूर्ण, उंची निम्मी, 30. इथं सरकवायचं नाही आणि पालथं पण करायचं नाही, फक्त फिरवायचं, रंगीत बाजू दिसली तर चुकलं.

तोच त्रिकोण दुसऱ्या पद्धतीनं पण कापता येतो. मध्यबिंदूंपासून पायावर सरळ उभे काप घ्या, खालच्या कोपऱ्यातले दोन छोटे काटकोन त्रिकोण सुटतात, ते वर फिरवून बसवा, आता आयत 5 गुणिले 6. इथं पाया निम्मा झाला, उंची पूर्ण. आर्यभटानं इ.स. 499 च्या सुमारास त्रिकोणाचं क्षेत्रफळ असंच सांगितलंय, लंब गुणिले पायाचा निम्मा. वर्गाचे दोन गट करा, एका गटाचा आयत लांबट येतो, दुसऱ्याचा जाड, आणि दोघंही 30 म्हणतात, मग 2 नं कुणाला भागायचं यावर जी भांडणं होतात ती होऊ द्या.

विशालकोन त्रिकोणाला मात्र वरचे दोन्ही प्रकार अडतात, छोटी बाजू खाली घेतली तर उंची बाहेर पडते. सगळ्यात लांब बाजू पाया घेतली की सुटतं, पण पोरांना छोटाच पाया घ्यायचा असेल तर: पाया 4, उंची 6, शिरोबिंदू डाव्या टोकापासून 7 सेंमी उजवीकडं. मध्यरेघेवर कापा, वरचा त्रिकोण अख्खाच उजव्या मध्यबिंदूभोवती अर्धा फेरा फिरवा, समांतरभुज चौकोन होतो, पाया 4 उंची 3. तो आयत कसा करायचा हे पोरांना आता येतंच. 12.

वेळेचं म्हणाल तर एका तासिकेत एकच आकृती. त्रिकोण आणि चौकोन एकाच दिवशी उरकायला गेलात तर कात्र्या आणि कचराच सांभाळत बसाल. आणि तासिकेच्या शेवटी तयार आयताची मापं मोजायला लावा, कुणाचं 27.3 येईल कुणाचं 28.5, पेन्सिलची जाडी आणि कात्रीचा हात, त्यावरून वाद नको. कापणं फक्त का ते दाखवतं, नेमका आकडा सूत्रातनंच घ्यायचा. सातवीच्या पोरांना एवढं विचारा की तुकड्याची हिरवी कड पलीकडच्या हिरव्या कडेला तंतोतंत का बसली? समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि समांतर असतात म्हणून, हे त्यांच्या तोंडून आलं पाहिजे.

समजलंय का हे बघायला आकडे दिलेलं गणित देऊ नका. कोऱ्या कागदावर आकृती द्या, एकही माप लिहू नका, आणि सांगा, फक्त दोनदा पट्टी लावायची परवानगी आहे, क्षेत्रफळ काढा. मग वर्गात फिरून पट्टी कुठं लागते तेवढं बघा. गुण्या हातात घेतला तर पुढं जा, पट्टी तिरक्या बाजूवर गेली तर त्या पोराला परत रंगीत पेन आणि घोटीव कागद द्या.